तीन दिवस व्यायाम, चार दिवस उसंत: नवशिक्यांसाठी आठवड्याचे वेळापत्रक आणि चुकलेल्या दिवसाचा हिशेब

जिममध्ये नाव घातले की बहुतेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात एक तक्ता हातात पडतो. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार पाय, शुक्रवार हात. कागदावर हा तक्ता भरगच्च दिसतो, पण नवशिक्यासाठी त्यात एक मोठी खोट आहे. प्रत्येक स्नायूची पाळी आठवड्यातून एकदाच येते. एक गुरुवार ऑफिसमध्ये अडकला की पायांचा व्यायाम थेट पुढच्या गुरुवारी, म्हणजे चौदा दिवसांच्या अंतराने होतो. इतक्या अंतराने केलेल्या व्यायामात पाय दर वेळी नव्याने ठणकतात आणि ताकद फारशी पुढे सरकत नाही. मग दुखण्याच्या भीतीने पुढचा गुरुवारही चुकतो.

खाली दिलेली पद्धत याच्या उलट बाजूने बांधली आहे. दर वेळी सगळ्या शरीराचा व्यायाम होतो, आठवड्यातून तीनदा होतो, आणि एखादा दिवस चुकला तर काय करायचे हे आधीच ठरलेले असते. तो शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण वेळापत्रक मोडते ते व्यायाम चुकल्यामुळे कमी आणि चुकल्यानंतर केलेल्या भरपाईमुळे जास्त. ही पद्धत घरी, उपकरणांशिवाय करता येते. जिममध्ये जाणाऱ्यांसाठी बदल शेवटून तिसऱ्या भागात दिले आहेत.

१. सुरुवातीपूर्वी: कोणी थांबावे आणि काय जमवावे

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, गेल्या काही महिन्यांत झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाची वेळ आणि जेवणाची वेळ यांचा मेळ त्यांच्याकडूनच घालून घ्या, कारण व्यायामाने साखर आणखी उतरते. जिना चढताना छातीत दाबल्यासारखे होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

सामान मोजकेच लागते:

- चार पायांची, न हलणारी खुर्ची. चाकांची ऑफिसची खुर्ची नको. प्लॅस्टिकची असेल तर तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर ती मागे सरकते.
- मजबूत पट्ट्यांची सॅक आणि एक लिटरच्या सहा-आठ बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन मोजायला काटा लागत नाही. सॅक उचलायची ती वरच्या छोट्या हँडलने, तेव्हा त्याची शिवण आधी ओढून पाहा.
- स्वयंपाकघराचा ओटा किंवा इमारतीचा जिना.
- चटई किंवा दुहेरी घातलेली सतरंजी.
- वही आणि पेन. मोबाइलही चालेल, पण दोन सेटच्या मध्ये हातात मोबाइल आला की दोन मिनिटांची विश्रांती दहा मिनिटांची होते.

२. आठवड्याची मांडणी

व्यायामाचे दोन संच आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. ते आलटून पालटून करायचे.

पहिला आठवडा: सोमवारी अ, बुधवारी ब, शुक्रवारी अ.
दुसरा आठवडा: सोमवारी ब, बुधवारी अ, शुक्रवारी ब.
तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अ पासून.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार चालण्याचे. रविवार मोकळा.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ‘बुधवार म्हणजे ब’ असे समीकरण इथे नाही. अ आणि ब ही रांग आहे, रेशनच्या दुकानातल्यासारखी. ज्याचा नंबर आहे तोच पुढे जातो, वार कोणताही असो. पुढचा चुकलेल्या दिवसाचा नियम या रांगेवरच उभा आहे.

३. अ आणि ब मध्ये काय आहे

अ: बैठक, पुश-अप, सॅक ओढणे, प्लँक.
ब: कमरेतून वाकणे, पुश-अप, सॅक ओढणे, डेड बग.

म्हणजे ढकलणे आणि ओढणे दर वेळी, पाय आणि पोट यांचा प्रकार मात्र आलटून पालटून. सुरुवात पाच मिनिटांच्या तयारीने करा. जागच्या जागी चालणे, खांदे आणि कंबर गोल फिरवणे, आणि त्या दिवशीच्या प्रत्येक व्यायामाचे सोप्या प्रकारात पाच-पाच रेप्स, म्हणजे तीच हालचाल पाच-पाच वेळा. सगळे मिळून चाळीस मिनिटांच्या आत आटोपते.

*बैठक.* खुर्चीसमोर पाठ करून उभे राहा. पाय खांद्यांइतके रुंद, चवडे किंचित बाहेर. तीन आकडे मोजत खाली जा, खुर्चीला नुसता स्पर्श करा आणि उठा. धप्पकन बसणे ही इथली नेहमीची चूक आहे. शेवटच्या चार इंचांत मांड्या सैल सोडल्या की ज्या भागात ताकद यायची तोच भाग वगळला जातो. गुडघे चवड्यांच्या दिशेने जाऊ द्या, आत वळू देऊ नका. गुडघा बोटांच्या पुढे गेला म्हणून बिघडत नाही, उंच माणसाचा तो जाणारच. गुडघ्यात दुखत असेल तर खुर्चीवर दोन घड्या घातलेली चादर ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा.

आखाड्यातली बैठक वेगळी. ती चवड्यांवर, झपाझप आणि शेकड्याने मारली जाते. तिथे मल्लाचे शरीर वर्षानुवर्षे तयार झालेले असते. ‘आजोबा पाचशे मारायचे’ म्हणून पहिल्याच दिवशी शंभर मारायला जाऊ नका. त्याचे काय होते ते पाचव्या भागात येईल.

*पुश-अप.* जमिनीवरच्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या साधारण ६४ टक्के भार येतो. ७० किलोच्या माणसासाठी हे जवळजवळ ४५ किलो झाले. नवशिक्याला ते झेपत नाही, मग कंबर खाली झोळीसारखी लोंबते आणि मान पुढे काढून अर्ध्यातून परत येणे सुरू होते. हात दोन फूट उंचीवर ठेवले की हाच भार ४१ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे २९ किलोच्या घरात. म्हणून सुरुवात ओट्यापासून करा. ओट्याची कड आणि हात कोरडे करून घ्या. तळवे खांद्यांपेक्षा थोडे बाहेर ठेवा. कोपरे अंगापासून साधारण ४५ अंशांत असू द्या, दोन्ही बाजूंना आडवे पसरू नका, त्याने खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. छाती कडेपर्यंत न्या, मग वर या. टाचांपासून डोक्यापर्यंत शरीर एका फळीसारखे.

ओट्यानंतर पुढची पायरी म्हणजे अक्षरशः जिन्याची पायरी. पाचव्या पायरीवर हात ठेवले की उंची ओट्याएवढीच होते, तिथून एकेक पायरी खाली उतरत जमिनीवर यायचे. गुडघे टेकून केलेले पुश-अपही चालतात, पण त्यात कंबर वाकवून फसवणे फार सोपे असते. जिना जास्त प्रामाणिक आहे.

*सॅक ओढणे.* डावा हात खुर्चीवर टेकवून पुढे वाका, पाठ टेबलासारखी सपाट. उजव्या हाताने सॅकचे हँडल धरून कोपर मागच्या खिशाच्या दिशेने वर न्या, क्षणभर थांबा, सावकाश खाली सोडा. मग बाजू बदला. सुरुवात चार किलोने करा. सॅक झोका देऊन वर येत असेल तर पाठीऐवजी कंबर काम करते आहे असे समजा आणि एक बाटली काढा. बाटल्या आत घरंगळू नयेत म्हणून मधल्या फटीत टॉवेल कोंबा.

*कमरेतून वाकणे.* सगळ्यात जास्त चुकणारा व्यायाम हाच, म्हणून आधी भिंतीजवळ शिका. भिंतीकडे पाठ करून तिच्यापासून एक वीत पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल. आता नितंब मागे नेत भिंतीला टेकवा, जणू हात भरलेले आहेत आणि दार मागून ढकलून लावायचे आहे. धड आपोआप पुढे झुकेल. पाठ सरळ राहिली पाहिजे. टेकले की उठा. जमायला लागले की भिंतीपासून आणखी चार बोटे पुढे सरका. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला म्हणजे बरोबर. कमरेत जाणवला तर पाठ गोल होते आहे. गुडघे खूप वाकत असतील तर ती बैठकच झाली. भिंतीशिवाय नीट जमल्यावर सॅक छातीशी कवटाळून करा, सुरुवातीला चार किलो.

*प्लँक आणि डेड बग.* प्लँकमध्ये कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर उचलून नितंब आवळून धरा. वीस सेकंदांपासून सुरुवात करून चाळीसवर थांबा, त्यापुढे मिनिटे वाढवण्यात फारसे हशील नाही. डेड बगसाठी उताणे पडा, हात छताकडे, गुडघे काटकोनात वर. उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय समोर सावकाश लांबवा, परत आणा, मग उलट बाजू. कंबर चटईला चिकटलेली राहिली पाहिजे. ती उचलली जात असेल तर पाय पूर्ण लांबवू नका.

४. किती करायचे, कुठे थांबायचे, कधी वाढवायचे

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोन सेट. तिसऱ्या आठवड्यापासून तीन. एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, डेड बगमध्ये प्रत्येक बाजूला ६ ते १०. दोन सेटमध्ये दीड ते दोन मिनिटे थांबायचे, घड्याळ लावून. तीस सेकंदांत पुढचा सेट घेतला की घाम भरपूर येतो, पण दुसऱ्या सेटचे रेप्स गडगडतात आणि आपण ताकदीचा नव्हे तर दमसासाचा व्यायाम करू लागतो.

सेट कुठे थांबवायचा? अंगात नीट पद्धतीने आणखी दोन रेप्स शिल्लक असतील तिथे. नवशिक्याला हा अंदाज पहिल्या दिवशी येत नाही, पण खुणा आहेत. वर येण्याचा वेग अचानक मंदावतो, श्वास अडकतो, चेहरा आवळला जातो. पहिली खूण दिसली की तो रेप पूर्ण करा आणि थांबा. आठही होत नसतील तर प्रकार कठीण आहे, एक पायरी वर जा किंवा बाटली काढा. बारा झाल्यावरही गप्पा मारता येत असतील तर सोपा आहे.

वाढवण्याचा नियम एकच. तिन्ही सेट १२-१२-१२ असे सलग दोन वेळा झाले की पुढची पायरी घ्या. पुश-अपमध्ये जिन्याची एक पायरी खाली. सॅकमध्ये एक बाटली जास्त. बैठकीत आधी रिकामी सॅक छातीशी, मग दोन किलो, मग चार. पुढची पायरी घेतल्यावर रेप्स परत आठ-नऊवर येतील. ते मागे जाणे नव्हे, हिशेब तसाच आहे. दोन व्यायामांत एकाच दिवशी वाढ करायला हरकत नाही, पण एकाच व्यायामात वजनही वाढवले आणि सेटही वाढवला असे करू नका, मग दुखले तर कशाने दुखले ते कळत नाही.

वहीत प्रत्येक ओळ अशी लिहा: तारीख, अ की ब, व्यायाम, उंची किंवा वजन, तीन आकडे. ‘पुश-अप, ओटा, १०-९-८’. बस, एवढेच. ‘छान वाटले’ लिहायची गरज नाही.

५. मधले दिवस

व्यायामाच्या दिवशी स्नायूला काम मिळते, तो सुधारतो मधल्या दिवसांत. ताकदीच्या व्यायामानंतर स्नायूंची दुरुस्ती एक-दोन दिवस चालू राहते, म्हणून दोन व्यायामांच्या मध्ये निदान एक पूर्ण दिवस सोडायचा. मंगळवार, गुरुवार, शनिवारी तीस-चाळीस मिनिटे चाला, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. तीन दिवसांचे चालणे आणि स्टेशनपर्यंतची रोजची पायपीट मिळून पहिला आकडा गाठता येतो. चालण्याच्या दिवशी ‘थोडे पुश-अपही मारून घेऊ’ हा मोह मात्र टाळा.

पहिल्या आठवड्यात अंग दुखणारच. हे दुखणे व्यायामानंतर लगेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. ते लॅक्टिक ॲसिड साचल्याने होते ही समजूत जुनी आहे. ते व्यायामानंतर तासाभरातच निघून जाते. खरे कारण म्हणजे सवय नसलेल्या भाराखाली, विशेषतः खाली येताना ताणले जाताना, स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि तिच्यामुळे आलेली सूज. चांगली गोष्ट अशी की तोच व्यायाम पुन्हा केला की दुखणे बरेच कमी होते. हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्याची आठवण ठेवा, चुकलेल्या दिवसांच्या हिशेबात ते पुन्हा लागेल.

अंग जड आहे, दोन्ही बाजूंना सारखे दुखते, हालचालीने मोकळे होते, तर ठरल्या दिवशी व्यायाम करा. सांध्यात टोचते, एकाच बाजूला दुखते, रात्री झोप मोडते किंवा हातापायाला मुंग्या येतात, तर तो व्यायाम बंद करून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. आणि एक लक्षण असे की त्यात वाट पाहायचीच नाही: भयंकर दुखणे, स्नायूवर सूज आणि कोऱ्या चहासारखी काळसर लघवी. एकदम अति व्यायाम केल्यावर स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पैजेवर मारलेल्या त्या शंभर-दोनशे बैठकांचा धोका हाच. लगेच रुग्णालयात जा.

झोप सात तासांच्या खाली गेली तर बाकी सगळे नीट करूनही आकडे अडतात. खाण्यात पाहायची गोष्ट म्हणजे प्रथिने. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम पुरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला ८४ ते ११२ ग्रॅम. मराठी ताटात हे आपोआप होत नाही. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. उसळ वाटीभर जास्त आणि भात मूठभर कमी, इथून सुरुवात केली तरी फरक पडतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

६. जिममध्ये करायचे असेल तर

रांग तीच, सेट-रेप्स तेच. बैठकीऐवजी छातीशी डंबेल धरून गॉबलेट स्क्वॉट, पुश-अपऐवजी चेस्ट प्रेसचे मशीन, सॅकऐवजी सीटेड रो किंवा लॅट पुलडाउन, आणि कमरेतून वाकण्यासाठी दोन हातांत डंबेल्स. ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगून टाका की आठवड्यातून तीनदा पूर्ण शरीराचा व्यायाम करायचा आहे आणि तक्ता तसा हवा. मशीनवरचे आकडे एका जिममधून दुसऱ्या जिममध्ये नेऊ नका. कप्प्या आणि तरफा वेगळ्या असतात, त्यामुळे एका ठिकाणचे तीस दुसऱ्या ठिकाणी चाळीससारखे लागतात. सोमवारी संध्याकाळी सात वाजता एका मशीनमागे चारजण उभे असतील, तेव्हा वाट पाहण्यात अंग थंड करण्यापेक्षा पुढचा व्यायाम आधी उरका.

७. दिवस चुकला तर

नियमाचे तीन भाग आहेत.

पहिला: चुकलेला व्यायाम रद्द होत नाही, पुढच्या मोकळ्या दिवशी तोच होतो. बुधवारचा ब राहिला तर गुरुवारी ब. ‘बुधवार गेला, आता शुक्रवारचा अ करू’ असे करू नका, नाहीतर जो व्यायाम आवडत नाही तोच नेमका दर वेळी चुकतो. हा योगायोग नसतो.

दुसरा: काहीही झाले तरी दोन व्यायामांमध्ये एक पूर्ण दिवस. म्हणून गुरुवारी ब झाला की पुढचा अ शनिवारी. शुक्रवारी नाही. आठवड्यात तिसरा बसत नसेल तर दोनवर आठवडा संपला, रविवारी कोंबायचा नाही.

तिसरा: भरपाई नाही. एका दिवशी अ आणि ब दोन्ही नाही, सेट वाढवणे नाही. भरपाईच्या दिवशी शेवटचे सेट थकलेल्या अंगाने, बिघडलेल्या पद्धतीने होतात, पुढचे तीन दिवस दुखते, आणि त्या दुखण्यापायी पुढचा व्यायाम चुकतो. एका चुकीच्या दोन होतात.

मोठा खंड पडला तर मागच्या व्यायामाच्या तारखेपासून दिवस मोजा.

- चार दिवसांपर्यंत: काहीच बदल नाही.
- पाच ते नऊ दिवस: तीच उंची, तेच वजन, तेच सेट, पण त्या दिवशी आकडा वाढवायचा नाही. मागच्या वेळी जिथे थांबलात तिथेच थांबा.
- दहा ते वीस दिवस: पुढची दोन सत्रे, एक अ आणि एक ब, फक्त दोन-दोन सेटची. रेप्स मागच्यापेक्षा दोन-तीनने कमी, सॅकमधून दोन बाटल्या बाहेर. तिसऱ्या सत्रापासून पूर्ववत.
- एकवीस दिवसांच्या पुढे: पहिल्या आठवड्यापासून, मात्र सोडले त्याच्या एक पायरी सोप्या प्रकारावर.

हे आकडे हवेतले नाहीत. नवशिक्याची पहिल्या दोन महिन्यांतली ताकद बरीचशी मेंदू आणि नसांच्या शिकण्यातून येते. सायकल चालवण्यासारखी ती आठ-दहा दिवसांत विसरली जात नाही. दोन-तीन आठवड्यांच्या खंडातही ताकदीचा मोठा भाग टिकतो. आधी ओसरू लागते ते वर सांगितलेले दुखण्यापासूनचे संरक्षण. म्हणजे तुम्ही जोर लावू शकता, पण दुसऱ्या दिवशीची किंमत जास्त पडते. म्हणून परतल्यावर वजनापेक्षा सेट कमी करण्यावर भर आहे.

आजारपणाचा खंड वेगळा धरा. नुसती सर्दी असेल तर अर्धे सेट चालतील. ताप असेल तर अजिबात नाही. गोळीशिवाय ताप उतरून पूर्ण एक दिवस गेल्यावर चालण्यापासून सुरू करा. डेंगीनंतरची अशक्तता कित्येक आठवडे रेंगाळते, तिथे वरचे कोष्टक लावू नका, डॉक्टरांनी मोकळे केल्यावर पहिल्या आठवड्यापासून या. निर्जळी उपवासाच्या दिवशी व्यायाम पुढे ढकला. साबुदाण्याच्या उपवासाला करायचा तर करा, फक्त वाढ नको.

आणि वेळच नसेल, पाहुणे दारात असतील, तर पंधरा मिनिटांत चारही व्यायामांचा एकेक सेट करा. रांग पुढे सरकली असे धरा, पण वहीत त्यापुढे ‘छोटे’ लिहा. वाढीच्या नियमात तो दिवस मोजायचा नाही. सलग तीन ‘छोटे’ दिसले तर वेळ चुकीची निवडली आहे. व्यायाम सकाळी हलवा.

८. नियम प्रत्यक्षात कसा चालतो

समजा, ठाण्यात राहणारा, ७० किलोचा, दिवसभर बैठे काम करणारा कुणी आहे. दोन आठवडे सुरळीत गेले. तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या वहीतली ओट्यावरच्या पुश-अपची ओळ पाहू.

तिसरा आठवडा. सोमवारी अ: ९-८-७. बुधवारी पावसाने लोकल रखडल्या, घरी यायला रात्रीचे दहा. ब गुरुवारी झाला: ९-९-८. शुक्रवार मोकळा सोडून शनिवारी अ: १०-९-८. तिन्ही व्यायाम झाले, फक्त वार सरकले.

चौथा आठवडा. सोमवारी ब: १०-१०-९. बुधवार आणि गुरुवार दोन्ही चुकले. शुक्रवारी अ, चार दिवसांनी, म्हणून बदल नाही: ११-१०-९. पुढचा ब रविवारी घेता आला असता असे वाटते, पण रविवार मोकळाच ठेवला आणि आठवडा दोनवर संपवला.

पाचवा आठवडा. सोमवारी ब: ११-११-१०. बुधवारी अ: १२-११-१०. गुरुवारी गणपतीसाठी गावी, कोकणात. परतला सहाव्या आठवड्याच्या रविवारी रात्री.

सातव्या आठवड्याचा सोमवार. बुधवारपासून मोजले तर बारा दिवस झाले. रांगेत नंबर ब चा. कोष्टकाप्रमाणे दोनच सेट: ९-९. इथे तिसरा सेट घ्यायची खुमखुमी हमखास येते, कारण अंग हलके वाटते. तो घेतला नाही. मंगळवारी छातीच्या स्नायूंत थोडे जडपण होते, बुधवारी अ, पुन्हा दोन सेट: १०-९. शुक्रवारी ब, तीन सेट: ११-१०-१०. आठव्या आठवड्याच्या सोमवारी अ: १२-११-११, म्हणजे गावी जाण्याआधीच्या आकड्याच्या एक रेप पुढे.

तिसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत पंधरा ठरली होती, त्यातली दहाच झाली. तरीही ९-८-७ वरून १२-११-११ वर तो पोहोचला, आणि ओट्यावरून जिन्याच्या चौथ्या पायरीवर उतरायला आता त्याला दोनदा १२-१२-१२ हवे आहेत.